शोधणाऱ्यांचे शब्द

यामिनी बोरकुटेकडे सात दुकानांचे पेज होते. एक जिम, एक बिर्याणीवाला, दोन साड्यांची दुकानं, एक कोचिंग क्लास, एक पलंग-गाद्यांचं शोरूम आणि एक दातांचा डॉक्टर. रायपूरच्या बूढापाऱ्यात, चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर तिच्या मालकाचं, पराग भैयाचं, ऑफिस होतं. तिथं ती सकाळी दहापासून बसायची आणि सातही जणांचे छोटे व्हिडिओ कापून, जोडून, गाणं लावून टाकत राहायची. हॅशटॅगसाठी डोकं चालवायची वेळ तिच्यावर येतच नसे. फोनमध्ये एक यादी जपून ठेवलेली होती. व्हायरल, ट्रेंडिंग, रील्स, रायपूर, छत्तीसगढचं म्हणून सीजी व्हायरल, असं करत तीसेक शब्द. बिर्याणी असो की दाताची कवळी, तीच यादी चिकटवायची आणि पुढच्या कामाला लागायचं. सहा वर्षं हे करून तिचे डोळे संध्याकाळी चुरचुरायचे आणि घरी गेल्यावर फोन हातात घ्यायचीही इच्छा व्हायची नाही.

म्हणून वडिलांनी व्हिडिओ काढायला सांगितला, तेव्हा ती पहिल्यांदा ऐकून न ऐकल्यासारखी भाकऱ्या थापत राहिली.

गंगाधर बोरकुटे रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. चंद्रपुराकडून नोकरीनिमित्त आले आणि रायपूरच्या गुढियारीतच घर बांधून राहिले. चाळीस वर्षं बिडी ओढली. चार वर्षांपूर्वी घशात कॅन्सर निघाला आणि नागपूरला ऑपरेशन करून डॉक्टरांनी त्यांची स्वरपेटी पूर्ण काढून टाकली. आता ते गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या छिद्रातून श्वास घ्यायचे. त्यावर बायकोनं, विमलाबाईंनी, शिवलेला मलमलीचा रुमाल असायचा. पहिलं वर्षभर ते पाटीवर लिहून बोलले. मग तिथल्याच एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना हवा तोंडातून अन्ननलिकेत घ्यायला आणि तीच परत सोडून शब्द काढायला शिकवलं. मुद्दाम दिलेल्या ढेकरेवर बोलायचं, असं ते सांगायचे. आवाज जाड, खरखरीत, आणि एका दमात चार-पाचच शब्द. पण आवाज त्यांचा होता, हात मोकळे होते.

त्यानंतर दर गुरुवारी ते रायपूरच्या एका दवाखान्यात कॅन्सरच्या वॉर्डात जायचे. ऑपरेशन झालेल्या माणसाजवळ बसायचे आणि बोलून दाखवायचे. एवढंच. पण ज्या बाई त्यांना बोलवायच्या त्यांची बदली झाली, नवीन माणसानं बाहेरच्यांना आत सोडणं बंद केलं, आणि गुरुवार रिकामे झाले.

"घरी बसून राहिले असतील," ते यामिनीला म्हणाले. थांबले, हवा घेतली. "पाटी घेऊन. त्याहिले माहीतच नाही." पुन्हा थांबले. "बोलता येते म्हणून."

दोन आठवडे तिनं टाळलं. मग एका रविवारी गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांच्या बाजूला खुर्ची टाकून तिनं त्यांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला. त्यांनी नाव सांगितलं, रुमाल बाजूला करून छिद्र दाखवलं, आणि मीही बोलतो, तुम्हीही बोलाल, असं हिंदीत म्हणाले. यामिनीनं तो कापला, खाली सवयीनं यादी चिकटवली आणि कपडे धुवायला गेली.

चार दिवसांत तो दोन लाख ऐंशी हजार लोकांनी पाहिला.

ऑफिसात पराग भैयानं खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि सातपैकी एकाही पेजला एवढं कधी मिळालं नव्हतं, हे दोनदा सांगितलं. यामिनीनं खालच्या प्रतिक्रिया उघडल्या. बेडूक. भूत. रेडिओत पाणी गेलं. कोणीतरी तो आवाज उचलून आपल्या कुत्र्याच्या व्हिडिओला लावला होता आणि तो मूळ व्हिडिओपेक्षाही जास्त चालत होता. तिनं आवाज वापरायची परवानगी बंद केली. पण ज्यांनी उतरवून घेतला होता त्यांच्यापर्यंत तिचा हात पोचणार नव्हता.

घरी आली तेव्हा वडील पलंगावर बसून चष्मा लावून तेच वाचत होते. विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. यामिनीला पाहून त्या एवढंच म्हणाल्या की गल्लीतली पोरं दुपारी खिडकीखाली येऊन तसा आवाज काढून गेली.

गंगाधररावांनी फोन खाली ठेवला.

"यातले ऑपरेशनवाले," त्यांनी विचारलं, "किती आहेत?"

दोन संध्याकाळी बसून तिनं नऊशेच्या वर प्रतिक्रिया एकेक करून वाचल्या. दुसऱ्या दिवशी तिला एक सापडली. माझ्या पप्पांचंही असंच झालंय, हे बोलायला कसे लागले? तीन दिवसांपूर्वीची होती आणि तिच्याखाली कोणीतरी हसण्याचे सहा चेहरे टाकले होते. यामिनीनं उत्तर लिहिलं, वेगळा निरोपही पाठवला. पण ते खातं तोवर बंद झालेलं होतं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिनं आपल्याच यादीकडे नीट पाहिलं. तीस शब्दांत गळा नव्हता, कॅन्सर नव्हता, ऑपरेशन नव्हतं. वरच्या ओळीतही तिनं फक्त 'बाबांची हिंमत' लिहून एक हृदय टाकलं होतं. व्हिडिओ कोणासाठी आहे ते तिनं कुठंच सांगितलं नव्हतं. ॲपनं तो हाती लागतील त्या लोकांना दाखवला, ते हसले, हसता हसता पुन्हा पाहिला, मित्रांना पाठवला. मग ॲपनं हसणारे आणखी लोक शोधून आणले. हे तर तिच्या कामातलंच होतं आणि सहा वर्षं ती हेच करून पगार घेत होती.

तिनं व्हिडिओ काढून टाकला. पराग भैया नाराज झाला. चाललेली गोष्ट कोणी काढतं का, काकांची मालिका केली असती, असं त्याचं म्हणणं होतं. तो वाईट माणूस नव्हता. मोठा आकडा दिसला की त्याच्या चेहऱ्यावर आपोआप उजेड पडायचा, एवढंच.

गंगाधरराव पुढचे आठ दिवस बोलले नाहीत. पाटी पुन्हा बाहेर आली. चहा पाहिजे असला तर ते 'चहा' लिहायचे आणि पाटी विमलाबाईंकडे वळवायचे. यामिनीला ती खडूची अक्षरं पाहवत नसत. नवव्या दिवशी पाटीवर त्यांनी लिहिलं: पुन्हा टाक. पण बरोबर लोकांले.

दुसऱ्या वेळी तिनं डॉक्टरांचे शब्द शोधून काढले. या ऑपरेशनला इंग्रजीत लॅरिंजेक्टमी म्हणतात आणि त्या बोलण्यालाही एक लांबलचक नाव आहे. तिनं यादी फेकून दिली, तेवढेच दोन-तीन हॅशटॅग ठेवले आणि वरची ओळही इंग्रजीत लिहिली. या वेळी सहाशे लोकांनी पाहिलं आणि एकही जण हसला नाही. ब्राझीलमधल्या एका बाईनं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. केरळातल्या वाचा-उपचार शिकणाऱ्या मुलींनी तो जपून ठेवला. यामिनीला वाटलं, जमलं.

वडिलांनी प्रत्येक नाव वाचलं. मग फोन तिच्याकडे दिला.

"हे सगळे डॉक्टर," ते म्हणाले. "मले पेशंट पाहिजे."

ती चिडली. दिवसभर दुसऱ्यांचे व्हिडिओ, संध्याकाळी हे, आणि पुन्हा चुकलंच. ती म्हणाली, "बाबा, तुमी सांगा मंग मले. ते लोक काय म्हणतात याले? मले कसं मालूम राहीन?"

गंगाधररावांनाही ते सांगता येईना. त्यांना झालं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेले शब्द त्यांनी तसेच उचलले होते.

मग गुरुवारी तिनं अर्ध्या दिवसाची सुटी काढली आणि दोघं दवाखान्यात गेले. वॉर्डात सोडणार नव्हते, पण बाहेरच्या बाकांवर बसायला कोणाची मनाई नव्हती. चिठ्ठ्या काढायच्या खिडकीसमोर, पंख्याखाली, ती वही घेऊन बसली. बेमेतरा, महासमुंद, धमतरीकडून आलेली माणसं एकमेकांना आपला आजार सांगत होती. एक म्हातारी म्हणाली, तिच्या नवऱ्याचं टोंट्याचं ऑपरेशन झालं. इकडे गळ्याला टोंटा म्हणतात, हे यामिनीला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी ते तिच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरा एकजण म्हणाला, आवाजाची पेटी काढली. एक मुलगी म्हणाली, पप्पांच्या गळ्यात छेद केलाय. लॅरिंजेक्टमी हा शब्द चार तासांत एकदाच कानावर आला, तोही एका नर्सच्या तोंडून.

आणखी एक गोष्ट तिनं वहीत लिहिली नाही, पण ती तिच्या लक्षात राहिली. ज्यांचं ऑपरेशन झालं होतं त्यांच्यापैकी कोणाच्याच हातात फोन नव्हता. फोन बायकोच्या हातात, मुलीच्या हातात. आणि त्यातल्या कितीतरी जणी टाइप करत नव्हत्या. फोन तोंडाजवळ धरून, माइकचं बटण दाबून, अख्खं वाक्यच्या वाक्य विचारत होत्या. हॅशटॅग त्यांच्या गावीही नव्हता.

घरी जाताना रिक्षात तिनं वडिलांना सांगितलं की आता यूट्यूबवर टाकू, तिथं लोक शोधायला जातात. नुसती बोटं सरकवत बसणाऱ्यांचं आपल्याला काम नाही. ते रिक्षाच्या धुळीपासून छिद्र वाचवायला रुमालावर हात धरून बसले होते. त्यांनी मान हलवली.

तिसरा व्हिडिओ तिनं पुन्हा गच्चीवरच घेतला, पण या वेळी पहिलं वाक्य वडिलांच्या तोंडीच दिलं. मेरे गले में छेद है, आवाज की पेटी निकल गई है, फिर भी बोलता हूँ. हे म्हणायला त्यांना चार वेळा हवा घ्यावी लागली. तिनं एकही थांबा कापला नाही. तेच शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावर घातले. मथळा प्रश्नासारखा ठेवला: गले के ऑपरेशन के बाद बोलना कैसे सीखें. खाली माहितीत दोन सरळ ओळी लिहिल्या, एकीत टोंटा आला, एकीत छेद. टाइप करणारे बरेच लोक हिंदीही इंग्रजी अक्षरांत लिहितात, म्हणून एक ओळ तशीही. हॅशटॅग तीनच. गले का कैंसर, डॉक्टरांचं ते लांब नाव, आणि छत्तीसगढ़. व्हायरल तिनं लिहिलं नाही. शेवटी आपला फोन नंबर पडद्यावर टाकला, चांगला पाच सेकंद राहील असा.

पहिल्या आठवड्यात तो एकोणीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या तीन वेळा यामिनीनंच.

पराग भैयानं तिच्या खांद्यावरून आकडा पाहिला आणि जिमचा व्हिडिओ कधी होईल ते विचारलं. त्याच्या नाराजीपेक्षा हे तिला जास्त लागलं. ती जिमच्या व्हिडिओला गाणं लावत बसली. बाहेर तलावाच्या रस्त्यावर स्कूटरींचे भोंगे चालले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की हे काम सोडून द्यावं आणि कुठंतरी कापड मोजत उभं राहावं.

तिसऱ्या आठवड्यात आकडा दोनशे चौदावर गेला. त्या दिवशी जेवणाच्या सुटीत तिनं व्हिडिओचा हिशोब उघडला. लोक कुठून आले ते तिथं दिसतं. निम्म्याहून जास्त शोधून आलेले होते. त्याखाली, त्यांनी कोणते शब्द शोधले त्याची एक यादी होती. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि वाचायला लागली.

गले में छेद के बाद बोलना. टोंटा के ऑपरेशन के बाद आवाज. पापा बोल नहीं पा रहे ऑपरेशन हुआ. आवाज की पेटी निकालने से क्या होता है. बिना आवाज के काम पर रख लेंगे क्या.

शेवटच्या ओळीपुढे आकडा होता एक. एकाच माणसानं, एकदाच, हे विचारलं होतं आणि यूट्यूबनं त्याला तिच्या वडिलांकडे पाठवलं होतं. त्याला या व्हिडिओत त्याचं उत्तर मिळालं नव्हतं. यामिनीनं ती यादी वहीत उतरवून घेतली आणि संध्याकाळी वडिलांपुढे ठेवली.

गंगाधररावांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला.

"हे सापडले," ते म्हणाले.

पुढचे व्हिडिओ त्या यादीतूनच झाले. प्रत्येक ओळीचा एक व्हिडिओ, तीच ओळ मथळ्यात, जशी विचारली तशी. तिनं भाषा सुधारली नाही. यादीत नव्या ओळीही येत गेल्या: अंघोळ करताना छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं. जेवणाला वास का येत नाही. कामाबद्दलच्या व्हिडिओत गंगाधररावांनी खोटं आश्वासन दिलं नाही. धुळीच्या, धुराच्या जागी जाऊ नका, एवढं सांगितलं, आणि दुसरं काम मागायला स्वतः तोंडानं बोलून जा, असं म्हणाले.

तो व्हिडिओ टाकून पाच दिवस झाल्यावर संध्याकाळी, यामिनी घरी आल्यावर, फोन आला. बाई छत्तीसगढी बोलत होती, मध्येच हिंदी. तिचं नाव शेवंता. नवरा भैय्यालाल, रायपूरजवळ उरल्याच्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होता. सात महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून झोपून असतो. तिनं फोनला विचारलं होतं, आणि फोननं हे बाबूजी दाखवले. खरं आहे का, की व्हिडिओत काही लावलंय, हे तिला आधी पक्कं करायचं होतं. यामिनीनं फोन वडिलांच्या तोंडाशी धरला.

"सच है," ते हिंदीत म्हणाले. "त्याले घेऊन ये," हे मात्र मराठीतच निघालं. पण शेवंताला ते समजलं.

रविवारी दोघं आली. भैय्यालाल पंचेचाळिशीचा, खांद्यानं रुंद, आणि मान खाली. त्याच्या गळ्याला मळका टॉवेल गुंडाळलेला होता. विमलाबाईंनी आधी तो काढायला लावला आणि आपल्या शिवणाच्या डब्यातून एक धुतलेला रुमाल त्याला बांधला. त्याच्याऐवजी सगळं शेवंताच बोलत होती. त्याला चहा चालतो, त्याला इथं बसू द्या, त्याला ऊन लागतं. तो कशालाच हो-नाही करत नव्हता.

गंगाधररावांनी खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि गाल फुगवून, ओठ मिटून, हवा मागे ढकलायची कशी ते दाखवलं. मग 'पा' काढला. पुन्हा 'पा'. भैय्यालालनं प्रयत्न केला, त्याला उबळ आली, छिद्रातून कफ उडाला, तो शरमला. दोन तास हेच. त्या दिवशी काहीच निघालं नाही. संध्याकाळी ती दोघं परत गेली तेव्हा यामिनीला वाटलं की आता येणार नाहीत.

ती आली. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्याही. मधे गंगाधररावांनी त्याला पोट कसं सैल ठेवायचं ते शिकवलं, आणि स्वतः दमून दुपारी झोपले. दुसऱ्या रविवारी एक ढेकर आली आणि दोघंही आवाज न करता हसले, खांदे हलवून. यामिनीनं ते चित्रित केलं नाही. फोन आत चार्जिंगला लावलेला होता आणि तिला उठायचा कंटाळा आला होता.

चौथ्या रविवारी पावणेचार वाजता गंगाधररावांनी थोडं थांबूया म्हणून हातानं खूण केली. भैय्यालाल खिडकीजवळ बसून गालांत हवा घोळवत होता. शेवंता विमलाबाईंबरोबर मुगाच्या शेंगा सोलत होती आणि नेहमीसारखं त्याला विचारत होती की साडेपाचची बस धरायची की उशिराची, तिकडे बहिणीकडे जायचंय का. उत्तर येणार नाही हे धरूनच ती विचारायची.

"का?" भैय्यालाल म्हणाला.

जाड, फाटका, एवढासा आवाज. छत्तीसगढीत 'काय', काय म्हणालीस, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात थोडा त्रासही होता, जसा कोणी मध्येच टोकल्यावर असतो.

शेवंताच्या हातातली शेंग तशीच राहिली. विमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गंगाधररावांनी बोट वर करून कोणी काही बोलू नका असं खुणावलं. शेवंतानं श्वास घेतला आणि बसबद्दल तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा म्हटलं.

भैय्यालालनं गाल फुगवले. हवा आत गेली नाही. त्यानं पुन्हा फुगवले, डोळे मिटले.

"का?"

तिनं तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी काही निघालं नाही. तो थकला होता, कपाळ घामानं भिजलं होतं. त्यानं हातानंच दाखवलं, साडेपाचची. शेवंता मान हलवत राहिली आणि शेंगा सोलत राहिली. शेंगांच्या टरफलांचा ढीग तिच्या पदरात पडत होता, ती उचलत नव्हती.

ती दोघं गेल्यावर यामिनी पलंगावर आडवी झाली. सोमवारी बिर्याणीवाल्याचे तीन व्हिडिओ द्यायचे होते. चॅनेलच्या सबस्क्राइबरांचा आकडा सकाळी पाहिला तेव्हा तीनशे एकेचाळीस होता. काल चॅनेलचा हिशोब बघताना तिला शोधलेल्यांत एक नवीन ओळ दिसली होती, 'पति पहला शब्द कब बोलेगा'. तिला उठून ती वहीत उतरवायची होती. बाहेरच्या खोलीत वडील आईला काहीतरी सांगत होते, चार शब्द, मग थांबून चार शब्द, आणि आई मधे न बोलता ऐकत होती. यामिनीनं डोळे मिटले. पाच मिनिटांनी उठू, असं तिनं स्वतःला सांगितलं.